क्लेमनंतरची सही: विम्यातील सबरोगेशन

विमा कंपनीने क्लेमची रक्कम मंजूर केली की बहुतेक वेळा व्यवहार तिथेच संपतो. पण नुकसान तिसऱ्याच कोणाच्या तरी चुकीमुळे झालेले असेल, तर कंपनी विमाधारकापुढे आणखी एक कागद ठेवते. हा कागद स्टँप पेपरवर असतो, बहुधा नोटरीसमोर केलेला असतो आणि त्यावर विमाधारकाची सही हवी असते. विमा व्यवसायात त्याला ‘सबरोगेशन लेटर’ म्हणतात. सबरोगेशन म्हणजे एकाच्या हक्काच्या जागी दुसऱ्याने उभे राहणे. ज्याने नुकसान केले त्याच्याकडून भरपाई मागण्याचा हक्क मुळात विमाधारकाचा असतो. कंपनीने नुकसान भरून दिल्यानंतर, दिलेल्या रकमेपुरता तो हक्क कंपनीला वापरता येतो.

या नियमाचे मूळ विम्याच्या स्वरूपातच आहे. माल, घर, गाडी, यंत्रे यांचा विमा हा भरपाईचा करार असतो. नुकसान होण्यापूर्वी माणूस जिथे होता तिथे त्याला परत आणून ठेवायचे, त्याच्या पुढे नाही, एवढेच त्या कराराचे काम. आता एकाच नुकसानीचे पैसे विमा कंपनीकडूनही मिळाले आणि नुकसान करणाऱ्याकडूनही मिळाले, तर आग लागणे किंवा ट्रक उलटणे हा फायद्याचा व्यवहार ठरेल. उलट, विमाधारकाला पैसे मिळालेच आहेत असे म्हणून नुकसान करणाऱ्याला सोडून दिले, तर दुसऱ्याने भरलेल्या हप्त्यांवर त्याची सुटका होईल. या दोन्ही गोष्टी टाळायच्या तर एकच मार्ग उरतो. विमाधारकाला कंपनीने पैसे द्यावेत आणि नुकसान करणाऱ्याकडून ते कंपनीने वसूल करावेत.

इंग्लंडमधील १८८३ सालचा ‘कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन’ हा निकाल या विषयाचा आधारस्तंभ मानला जातो. लिव्हरपूलमधील एका मालमत्तेच्या विक्रीचा करार ३,१०० पौंडांना झाला होता. खरेदीखत पूर्ण होण्याआधीच तिथे आग लागली. विक्रेत्यांना विमा कंपनीने ३३० पौंड दिले. पुढे खरेदीदाराने करारात ठरलेली पूर्ण किंमतही दिली, म्हणजे विक्रेत्यांचे प्रत्यक्षात काहीच नुकसान झाले नाही. न्यायालयाने ३३० पौंड कंपनीला परत करायला लावले. या प्रकरणात कोणी दोषी नव्हते, कोणी फसवणूकही केली नव्हती. भरपाई एकदाच, एवढाच मुद्दा होता.

भारतात सागरी विम्यापुरता हा नियम १९६३च्या सागरी विमा कायद्याच्या कलम ७९ मध्ये लिहिलेला आहे. आग, चोरी, मोटार अशा इतर विम्यांना तो न्यायालयांनी मान्य केलेल्या न्यायतत्त्वाप्रमाणे लागू होतो. म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट असलेली बरी. सबरोगेशनचा हक्क सहीमुळे निर्माण होत नाही. कंपनीने पैसे दिले की तो आपोआप उभा राहतो, पत्र असो वा नसो. मग पत्र कशासाठी, हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर एका क्लेमच्या तपशिलात शिरल्यावरच नीट कळते.

इचलकरंजीतील एका कापड व्यापाऱ्याचे उदाहरण कल्पून पाहता येईल. तो १२ लाख रुपयांच्या ग्रे कापडाच्या गाठी एका ट्रान्सपोर्टरमार्फत अहमदाबादला पाठवतो. भाडे ४०,००० रुपये ठरते आणि ट्रान्सपोर्टर बिल्टी फाडतो. व्यापाऱ्याकडे वर्षभराच्या मालवाहतुकीची विमा पॉलिसी आहे, पण तिच्यात एका ट्रकमागे जास्तीत जास्त ९ लाख रुपयांची मर्यादा आहे. घाटात चालकाचा ताबा सुटतो, ट्रक उलटून पेटतो आणि सगळा माल जळून जातो. पोलीस पंचनामा करतात, विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहणी करतो, बिल्टी, बिल आणि पंचनामा तपासून अहवाल देतो. कंपनी ९ लाख मंजूर करते. व्यापाऱ्याचे ३ लाख विम्याबाहेर राहतात.

रक्कम मंजूर झाली की व्यापाऱ्यापुढे दोन कागद येतात, आणि पुष्कळ जण ते दोन्ही एकच समजतात. पहिला असतो डिस्चार्ज व्हाउचर. त्यात रक्कम मिळाल्याची कबुली असते आणि अनेकदा ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असतात. हा कागद विमाधारक आणि कंपनी या दोघांमधला. त्यावर सही केल्याने जास्त रक्कम मागण्याचा विमाधारकाचा हक्क आपोआप बुडत नाही, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०१५ साली कंपन्यांना कळवले आहे. दुसरा कागद सबरोगेशन लेटरचा. त्याचे तोंड तिसऱ्या माणसाकडे असते. इथे तो तिसरा माणूस म्हणजे ट्रान्सपोर्टर.

या दुसऱ्या कागदात साधारणपणे चार गोष्टी असतात. अमुक क्लेमपोटी अमुक रक्कम मिळाली, हे पहिले. त्या रकमेच्या बदल्यात ट्रान्सपोर्टरविरुद्धचे हक्क कंपनीला वापरू दिले, हे दुसरे. कंपनीने विमाधारकाच्या नावाने नोटीस द्यावी, दावा लावावा, तडजोड करावी, पैसे स्वीकारून पावती द्यावी यासाठी तिला मुखत्यारपत्र दिले, हे तिसरे. आणि दाव्यासाठी लागतील ते मूळ कागद, प्रतिज्ञापत्र आणि साक्ष देण्याची हमी, हे चौथे. म्हणूनच अनेक पत्रांच्या शीर्षकातच सबरोगेशन आणि विशेष मुखत्यारपत्र ही दोन्ही नावे एकत्र छापलेली असतात.

यातली तिसरी गोष्ट लोकांना सर्वांत जास्त खटकते. पैसे कंपनीने दिले, वसुलीही कंपनीलाच करायची, मग दाव्यावर व्यापाऱ्याचे नाव का? कारण करार दोघांचा होता: व्यापारी आणि ट्रान्सपोर्टर. बिल्टीवर विमा कंपनीचे नाव कुठेच नाही. कंपनीशी ट्रान्सपोर्टरने काही कबूल केलेले नाही आणि तिचे थेट काही नुकसानही केलेले नाही. शिवाय मालमत्ता हस्तांतर कायद्याच्या कलम ६ प्रमाणे नुसता दावा लावण्याचा हक्क कोणाला विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे नुसत्या सबरोगेशनमध्ये हक्क विमाधारकाचाच राहतो. कंपनी तो त्याच्या नावाने, त्याच्या जागी उभी राहून चालवते.

याचा परिणाम दोन-तीन वर्षांनी दिसतो. क्लेमचे पैसे कधीच खर्च झालेले असतात, प्रकरण विसरलेले असते आणि अचानक एखाद्या वकिलाचा फोन येतो की साक्षीला यावे लागेल. किंवा ट्रान्सपोर्टरचे उत्तर थेट दुकानाच्या पत्त्यावर येते आणि त्यावर वादी म्हणून दुकानाचेच नाव असते. व्यापाऱ्याला वाटते, आपण तर कोणावर केस केलीच नव्हती. केस खरी असते आणि ती त्याच्या सहीनेच झालेली असते. या वेळी सहकार्य नाकारणे म्हणजे पत्रातली हमी मोडणे, आणि त्यामुळे दावा बुडाला तर कंपनी त्याची भरपाई विमाधारकाकडे मागू शकते. दाव्याचा खर्च मात्र कंपनीने करायचा असतो. सही करण्यापूर्वी हे वाक्य पत्रात आहे का ते पाहावे, नसेल तर घालून घ्यावे. दावा हरला आणि समोरच्याचा खर्च देण्याचा आदेश झाला तर तोही वादी म्हणून ज्याचे नाव आहे त्याच्यावर होतो. म्हणून हे एक वाक्य फार महत्त्वाचे आहे.

पत्रातील दुसरी गोष्ट, म्हणजे हक्क किती आणि कसा दिला, ही मात्र शब्दांवर अवलंबून असते. या शब्दांचा अर्थ काय हा वाद भारतात बराच काळ चालला. २००० साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने अशा एका पत्राला सबरोगेशन न मानता हक्कांचे हस्तांतर मानले होते. पुढे ‘इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशन विरुद्ध चरण स्पिनिंग मिल्स’ हे प्रकरण आले. सूतगिरणीचा माल नेणाऱ्या ट्रकला अपघात झाला होता, विमा कंपनीने गिरणीला पैसे देऊन सबरोगेशनचे पत्र आणि मुखत्यारपत्र घेतले होते, आणि गिरणी व कंपनी दोघींनी मिळून ट्रान्सपोर्टरविरुद्ध ग्राहक तक्रार केली होती. १७ फेब्रुवारी २०१० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर निकाल दिला आणि सबरोगेशनचे तीन प्रकार वेगळे करून दाखवले. हा निकाल या विषयावरचा आजचा सर्वांत उपयोगी दस्तऐवज आहे, कारण तो केवळ तत्त्व सांगून थांबत नाही, पैसे कोणाला किती मिळतील हेही सांगतो.

पहिल्या प्रकारात काहीच लिहिलेले नसते. कंपनीने पैसे दिले आणि कायद्याने हक्क उभा राहिला. दुसऱ्या प्रकारात पत्र असते आणि वाटणी कशी करायची हे त्या पत्राच्या अटींवर ठरते. तिसऱ्या प्रकारात पत्रात सबरोगेशनबरोबर हक्कांचे हस्तांतरही असते. म्हणजे वसूल होईल ती रक्कम कंपनीची, आणि हवे तर कंपनीने स्वतःच्या नावाने दावा लावावा, असे विमाधारकाने लिहून दिलेले असते. पत्रात ‘हस्तांतर’ असा शब्द आला म्हणून त्यातले सबरोगेशन संपत नाही, पत्र एकूण वाचून त्याचा हेतू पाहायचा, असेही घटनापीठाने स्पष्ट केले.

आता इचलकरंजीच्या व्यापाऱ्याकडे परत येता येईल. त्याचे नुकसान १२ लाख, त्यापैकी कंपनीने दिलेले ९ लाख, विम्याबाहेरचे ३ लाख. ट्रान्सपोर्टरकडून किती वसूल होईल हे रस्ते मालवाहतूक कायदा, २००७ ठरवतो. त्यात आणि त्याखालील २०११च्या नियमांत अशी तरतूद आहे की, माल पाठवणाऱ्याने जास्त जोखमीचा वेगळा दर कबूल केलेला नसेल तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. भाडे ४०,००० होते, म्हणून मर्यादा ४ लाखांची. ट्रान्सपोर्टरने हा बचाव घेतला आणि तो टिकला, तर १२ लाखांच्या नुकसानीपोटी ४ लाखच हाती येतात. खरा प्रश्न इथे सुरू होतो. या ४ लाखांवर पहिला हक्क कोणाचा?

पत्रच नसेल, किंवा पत्रात वाटणीबद्दल काही नसेल, तर पहिला हक्क व्यापाऱ्याचा. सबरोगेशनचा हेतू विमाधारकाला दुप्पट पैसे मिळू न देणे हा आहे, आणि ज्याचे नुकसान अजून पूर्ण भरून निघालेले नाही त्याला दुप्पट मिळाले असे म्हणताच येत नाही. म्हणून ४ लाखांतून आधी त्याचे विम्याबाहेरचे ३ लाख, आणि उरलेला १ लाख कंपनीचा. पत्रात मात्र ‘वसूल होणारी रक्कम कंपनीने दिलेल्या रकमेपर्यंत प्रथम कंपनीची’ असे लिहिलेले असेल, तर हिशेब उलटतो. ४ लाख हे ९ लाखांपेक्षा कमी आहेत, म्हणून सगळे कंपनीकडे जातात आणि व्यापाऱ्याच्या हाती काही येत नाही. एका वाक्यामुळे ३ लाखांचा फरक पडतो, आणि ते वाक्य बहुधा छापील मजकुराच्या मध्यावर असते.

ट्रान्सपोर्टरने जास्त दराची जोखीम स्वीकारली होती आणि पूर्ण १२ लाख वसूल झाले, असे समजले तर पहिल्या प्रकारात वाद राहत नाही: ९ लाख कंपनीचे, ३ लाख व्यापाऱ्याचे. पण पत्र तिसऱ्या प्रकारचे असेल, म्हणजे सगळे हक्क कंपनीला हस्तांतरित केलेले असतील, तर कंपनी पूर्ण १२ लाख ठेवू शकते, तिने दिले ९ असले तरी. व्यापाऱ्याने आपले ३ लाख स्वतःच्या सहीने देऊन टाकलेले असतात. म्हणून ज्याच्या नुकसानीचा काही भाग विम्याबाहेर राहिला आहे, त्याने सही करताना एवढे तरी लिहून घ्यावे की कंपनीचा हक्क तिने दिलेल्या रकमेपुरता आहे आणि विम्याबाहेरच्या नुकसानीवरचा विमाधारकाचा हक्क राखून ठेवला आहे. कंपनीचे अधिकारी छापील नमुना बदलायला सहसा तयार नसतात. पण अशा आशयाचे स्वतंत्र पत्र क्लेमच्या फाइलला लावून त्याची पोहोच घेणे प्रत्येकाला शक्य असते, आणि पुढे वाद झाला तर ते पत्र उपयोगी पडते.

कंपनी आपण दिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, हा नियम किती लांबवर जातो याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये १९६१ साली घडले. एका मालवाहू जहाजाची १९४५ मध्ये कॅनडाच्या नौदलाच्या जहाजाशी टक्कर होऊन ते बुडाले. विमा कंपनीने मालकांना ७२,००० पौंड दिले. कॅनडा सरकारविरुद्धचा दावा अनेक वर्षे चालला आणि रक्कम डॉलरमध्ये मिळाली. दरम्यान १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले होते. डॉलरचे पौंड केले तेव्हा ते सुमारे १ लाख २७ हजार भरले. कंपनी म्हणाली, सगळे आमचे. न्यायालयाने तिला ७२,००० पौंडच दिले आणि उरलेली रक्कम जहाजमालकांकडे राहिली. मालकांना नुकसानीपेक्षा जास्त मिळाले हे खरे, पण सबरोगेशनमध्ये कंपनी विमाधारकाच्या जागी उभी राहते ती दिलेल्या पैशांपुरती, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले.

दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याला एक उलट बाजूही आहे. विमाधारकाचा हक्क जितका पक्का, तितकाच कंपनीचा. विमाधारकाने तो कमकुवत केला असेल तर कंपनीला कमकुवत हक्कच मिळतो. क्लेमनंतर उद्भवणारे बहुतेक वाद इथूनच निघतात, आणि त्यातल्या चुका क्लेम करण्याच्या आधीच झालेल्या असतात.

सर्वांत नेहमीची चूक आपसातल्या तडजोडीची. अपघातानंतर दोन दिवसांनी ट्रान्सपोर्टर दुकानात येतो, वर्षानुवर्षांचे संबंध असल्याची आठवण देतो, ५०,००० रुपये पुढे ठेवतो आणि ‘आमची काही तक्रार नाही’ अशी एक ओळ लिहून मागतो. विमा आहेच, ही रक्कम वरची, असे समजून व्यापारी ती ओळ लिहून देतो. त्या ओळीने ट्रान्सपोर्टर मोकळा होतो. मग कंपनी त्याच्याविरुद्ध गेली की तो तीच ओळ न्यायालयात दाखवतो. वसुलीचा हक्क विमाधारकाने बुडवला म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकते, किंवा दिलेली रक्कम परत मागू शकते. विम्याची बातमी कंपनीला देण्यापूर्वी आणि तिची लेखी संमती घेतल्याशिवाय नुकसान करणाऱ्याला कुठलीही सूट लिहून देऊ नये, असे बहुतेक पॉलिसींच्या अटींत असते, ते याच कारणासाठी.

दुसरी चूक माल उतरवून घेताना होते. जळालेल्या मालाचे नुकसान उघड दिसते. पण भिजलेल्या गाठी, फुटलेली खोकी, कमी भरलेला माल यांच्या बाबतीत पोहोच देतानाच बिल्टीवर शेरा मारावा लागतो. गोदामातला माणूस घाईत नुसती सही करतो, आणि माल व्यवस्थित मिळाल्याचा पुरावा त्याच सहीने तयार होतो. नंतर सर्व्हेअरने कितीही छायाचित्रे काढली तरी नुकसान वाटेत झाले की गोदामात, हा प्रश्न उरतोच.

तिसरी चूक वेळेची, आणि ती सहसा कंपनीच्या नव्हे तर विमाधारकाच्या हातून होते. रस्ते मालवाहतूक कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत ट्रान्सपोर्टरला नुकसानीची लेखी नोटीस दिल्याशिवाय दावा लावता येत नाही. ही मुदत अपघातापासून मोजत नाहीत, क्लेम मंजूर झाल्यापासून तर नाहीच. क्लेम मंजूर व्हायला सात महिने लागले आणि तोवर कोणी नोटीस दिलीच नाही, तर सबरोगेशन लेटर हाती आले तेव्हा त्यातला हक्क मेलेला असतो. म्हणून सर्व्हेअर पहिल्याच भेटीत ट्रान्सपोर्टरला पाठवलेल्या नोटिशीची प्रत आणि पोस्टाची पावती मागतो. नोटीस दिल्यानंतर मालाच्या नुकसानीबद्दल वाहतूकदारावर दावा लावायला मुदत कायद्याने तीन वर्षे असतात. कंपनीने पैसे कधी दिले याने ती मुदत नव्याने सुरू होत नाही, कारण हक्क नवा नाही, जुनाच आहे.

नोटीस वेळेवर गेली आणि हक्क कोणी सोडून दिला नाही, तर अशा दाव्यात एक गोष्ट विमाधारकाच्या आणि पर्यायाने कंपनीच्या बाजूची असते. सार्वजनिक वाहतूकदाराने माल गमावला तर त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी मालवाल्यावर नसते. आपण काळजी घेतली होती किंवा नुकसान आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाले, हे वाहतूकदाराला दाखवावे लागते. जुन्या १८६५च्या कायद्यापासून हा नियम चालत आला आहे. म्हणून कंपनीच्या वसुली विभागाला ट्रान्सपोर्टरविरुद्धची प्रकरणे तुलनेने सोपी जातात, तर शेजारच्या कारखान्यातून आग पसरली अशा प्रकरणात आग कशी लागली हे सिद्ध करण्यातच वर्षे जातात.

दावा कुठे लावायचा याबद्दलही एक गैरसमज आहे. विमा कंपनी एकटी स्वतःच्या नावाने ग्राहक आयोगात जाऊ शकत नाही, कारण ट्रान्सपोर्टरची सेवा तिने घेतलेली नसते आणि ती ग्राहक ठरत नाही. विमाधारकाच्या नावाने किंवा त्याच्याबरोबर मिळून तक्रार करता येते, असे घटनापीठाने सांगितले. पण १५ मार्च २००३ पासून व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवा ग्राहक कायद्याबाहेर गेल्या आहेत. त्यामुळे व्यापाऱ्याच्या मालाचे आजचे प्रकरण सहसा दिवाणी न्यायालयातच जाते, आणि म्हणून मुखत्यारपत्र, वकीलपत्र आणि साक्षीची हमी यांना पत्रात एवढे महत्त्व असते.

सगळ्याच विम्यांत सबरोगेशन नसते. आयुर्विमा आणि वैयक्तिक अपघात विमा हे भरपाईचे करार नाहीत. माणसाच्या जिवाची किंमत मोजून तेवढीच भरून देणे शक्य नसते, म्हणून तिथे ठरलेली रक्कम मिळते आणि कंपनी नुकसान करणाऱ्यामागे लागत नाही. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली हाच विचार दुसऱ्या बाजूने मांडला. अपघातात मरण पावलेल्या माणसाच्या आयुर्विम्याचे पैसे कुटुंबाला मिळाले, म्हणून महामंडळाने द्यायच्या अपघात भरपाईतून ते वजा करता येणार नाहीत, असा तो निकाल होता. मृताने हप्ते भरून केलेली ती वेगळी तरतूद होती. म्हणून आयुर्विम्याचा क्लेम देताना कोणी सबरोगेशन लेटरवर सही मागितली, तर तिला काहीच आधार नसतो.

कंपनी स्वतःच्या विमाधारकाविरुद्धही सबरोगेशन वापरू शकत नाही. स्वतःच्या चुकीने गाडी भिंतीवर आदळली आणि कंपनीने दुरुस्तीचे पैसे दिले, तर वसूल करायचे तरी कोणाकडून? जागी उभे राहायला समोर दुसरा माणूस हवा. अशा क्लेममध्येही कधी कधी सबरोगेशनचा छापील फॉर्म सहीला येतो. तो नुसता शिरस्ता असतो, त्याला काही परिणाम नसतो.

गाडी चोरीला गेल्यावर मात्र हा फॉर्म नुसता शिरस्ता राहत नाही. तिथे चोराविरुद्धचा हक्क बहुधा कागदावरच असतो, पण गाडी सापडण्याची शक्यता खरी असते. म्हणून पोलिसांचा ‘तपास लागला नाही’ असा अंतिम अहवाल आल्यावर कंपनी सबरोगेशन लेटरबरोबर गाडीच्या सगळ्या किल्ल्या, आरसी बुक आणि आरटीओचे फॉर्म २८, २९ व ३० सह्या करून घेते. कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ लागतो. इथे कंपनी फक्त दावा लावण्याच्या हक्कात नाही, तर गाडीच्या मालकीतही विमाधारकाच्या जागी येते. पूर्ण नुकसानीचे पैसे दिल्यावर उरलेल्या वस्तूवर कंपनीचा हक्क येतो, हे सागरी विमा कायद्याच्या कलम ७९ मध्येही आहे. दीड वर्षाने ती गाडी दुसऱ्या जिल्ह्यात सापडली तर पोलीस ठाण्यातून फोन नोंदीप्रमाणे जुन्या मालकालाच येतो. त्याने ती परस्पर सोडवून आणायची नसते. क्लेम क्रमांक आणि पोलिसांचे पत्र कंपनीला कळवायचे असते. गाडी सोडवण्याचा अर्ज कंपनी करते, जुन्या मालकाच्या मुखत्यारपत्रावर, आणि विक्रीतून आलेले पैसे तिचेच असतात.